ऊसबंदीचा अग्रलेख: काय मांडले, काय सुटले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यात ऊस लागवडीवर बंदी घालावी, अशी मागणी करणारा अग्रलेख आपण नुकताच छापला. माझ्या पुतणीला बारावीच्या वर्गात त्यावरच टिपण लिहायला सांगितले होते. अग्रलेखाची भूमिका काय, तिच्यामागचा युक्तिवाद काय आणि कोणते मुद्दे सुटले, एवढे त्यात यायला हवे होते. आमच्या घरी दोन एकर ऊस आहे. त्यामुळे तिने पहिल्या झटक्यात लिहिले, ‘हा अग्रलेख शेतकऱ्यांच्या विरोधात आहे.’ मी तिला म्हटले, बाळ, हा तुझा राग झाला, अग्रलेखाची भूमिका नव्हे. भूमिका अशी लिहायची की ती वाचून खुद्द संपादकांनीही ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ असे म्हणावे.

दुसऱ्यांदा तिने नीट लिहिले: मराठवाड्यातले थोडे पाणी पिण्यासाठी आणि कमी पाण्याच्या पिकांसाठी राखायला हवे, आणि त्यासाठी सरकारने उसावर बंदी घालावी. असे लिहिल्यावर तिच्याच लक्षात आले की यात गोष्टी दोन आहेत. पाणी राखायला हवे ही एक आणि बंदी हा उपाय ही दुसरी. अग्रलेखातले सगळे पुरावे पहिल्या गोष्टीचे आहेत. दुसरीसाठी एकही नाही.

मग आम्ही पुरावे तपासायला बसलो. एक किलो साखरेला दोन हजार लिटरहून जास्त पाणी लागते, असे आपण लिहिले आहे. ‘काका, हे खरे असते का?’ असे तिने विचारले, म्हणून गणितच मांडले. हेक्टरी 80 टन ऊस आणि साडेदहा टक्के उतारा धरला तर साखर होते 8,400 किलो. वर्षभराच्या उसाला साधारण 2,000 मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी 2 कोटी लिटर. भागाकार येतो 2,380 च्या आसपास. आकडा बरोबर आहे.

पण हे सगळे पाणी जणू धरणातून उपसले जाते, असा अग्रलेखाचा सूर आहे. त्यात पावसाचेही पाणी आहे. आमच्याकडच्या पावसातले 500 मिलिमीटर पिकाच्या कामी आले असे धरले, तर विहीर, बोअर किंवा धरणातून द्यावे लागणारे पाणी किलोला 1,800 लिटरच्या घरात येते. हेही थोडे नाही. मात्र खरी अडचण ‘किलोमागे लिटर’ या मापातच आहे. हेच माप सोयाबीनला लावून बघ, असे मी तिला सांगितले. सोयाबीनला 500 मिलिमीटर पाणी, म्हणजे हेक्टरी 50 लाख लिटर. उत्पन्न 15 क्विंटल. किलोमागे 3,300 लिटर! या मापाने सोयाबीन साखरेपेक्षा जास्त पाणी पिणारे ठरते. प्रत्यक्षात खरिपाचे सोयाबीन बहुतेक पावसावरच येते, धरणातले पाणी मागत नाही. म्हणजे विचारायला हवे ते हे, की एका हेक्टरसाठी धरणातून आणि जमिनीतून किती पाणी उचलावे लागते. या मापाने आपलीच बाजू अधिक भक्कम होते, आणि आपण मात्र कच्चे माप वापरले. पुतणीला हे फार आवडले. विरोधी मताची बाजू बळकट करून दाखवायची आणि मग तिच्याशी वाद घालायचा, हे ती पहिल्यांदाच करत होती.

दुसरा पुरावा एप्रिल 2016 चा. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, धनेगावच्या मांजरा धरणाने तळ गाठला होता. आपण लिहिले की हे पाणी उसाने प्यायले. इथे दोन पायऱ्यांमधली एक पायरी गाळली गेली आहे. 2014 आणि 2015 अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी झाला, याचा उल्लेखही नाही. शिवाय आमच्या भागातला बराच ऊस बोअर आणि विहिरींवर आहे. त्या उपशाने भूजल खाली जाते हे खरे, पण धरण आटण्याचा दोष उसावर ठेवायचा तर आधीच्या वर्षांत धरणातून शेतीला किती पाणी सुटले, पाणलोटातून किती पंपांनी उचलले आणि पिण्यासाठी किती राखले, हे सांगायला हवे. निष्कर्ष कदाचित तोच निघेल. पण तो वाचकाला दाखवून द्यावा लागतो.

सुटलेल्या मुद्द्यांची पुतणीने मोठी यादी केली होती. जायकवाडीला वरून पाणी सोडत नाहीत, हा त्यातला पहिला मुद्दा. तो मी खोडायला लावला, आणि ती रुसली. आपल्या सर्वांच्याच मनात ते दुखणे आहे, पण जायकवाडी गोदावरीवर आहे. मांजरा उगम पावते बीड जिल्ह्यात पाटोद्याकडच्या डोंगरात आणि लातूरचे धरण तिच्यावर. सातशे-आठशे शब्दांत सगळे मावत नाही, प्रत्येक अग्रलेख काही ना काही सोडतोच. म्हणून मी तिला एकच कसोटी दिली: सुटलेला मुद्दा अग्रलेखात घालून पाहा, निष्कर्ष हलतो का? जायकवाडीने हलत नाही.

ज्याने हलतो तो मुद्दा तिच्या यादीत शेवटी होता: शेतकरी ऊस का लावतो? उसाला 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाचे संरक्षण आहे. ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. कारखाने ते नेहमी पाळत नाहीत, तरी मागायला कायद्याचा आधार असतो आणि घेणारा ठरलेला असतो. सोयाबीनचे पाहा. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि त्या हंगामात बाजारातला भाव त्याच्या बराच खाली होता. हमीभाव केंद्रावर 12 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असेल तर माल घेत नाहीत. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ही मर्यादा 15 टक्के केली, तोवर हातउसने फेडायला कितीतरी जणांनी आडतीवर मिळेल त्या भावाने माल घातला होता. ऐन काढणीत परतीचा पाऊस लागला की शेंगेतच कोंब फुटतात, दाणा डागी होतो आणि त्याला कोणी विचारत नाही. ऊस त्याच पावसात उभा राहतो.

हा मुद्दा घातला की बंदीचा निष्कर्ष जागचा हलतो. मग आधी तूर, सोयाबीन आणि हरभऱ्याची खात्रीची खरेदी, मग उसाचे क्षेत्र कमी करणे, असा क्रम लागतो. उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2017 मध्येच घेतला होता. तो गावापर्यंत का पोहोचला नाही, हेही बंदीची मागणी करण्याआधी विचारायला हवे होते.

पुतणीने टिपणात अखेर लिहिले की पाण्याबद्दलची काळजी तिला पटते, बंदी पटत नाही. आमच्या दोन एकरांचे पुढे काय करायचे, यावर तिचे आणि तिच्या वडिलांचे अजून एकमत झालेले नाही.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. अग्रलेखात आकडा द्याल तेव्हा तो कुठून घेतला आणि त्यात पावसाचे पाणी धरले आहे की नाही, हे एका ओळीत सांगावे, कारण मुले हे लेख परीक्षेसाठी पाठ करतात. आणि मांजरा धरणातून गेल्या दहा वर्षांत शेतीला, उद्योगाला आणि पिण्याला वर्षागणिक किती पाणी दिले, याचा हिशेब जलसंपदा विभागाकडून मिळवून आपल्या पानावर छापावा.

आपला नियमित वाचक,
ता. औसा, जि. लातूर