लाइन गेल्यावरचा केसपेपर

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधं वाटतो. जुलैतल्या एका बाजाराच्या दिवसाची गोष्ट सांगतो.

सकाळी १०.२० ला लाइन गेली. संगणक ४६ व्या पेशंटवर बंद पडला आणि बाहेर ओटा भरलेला. आमचा इन्व्हर्टर फक्त प्रसूतिगृहाला आहे. नोंदणीवरच्या ताईंनी रजिस्टर काढलं, ४६ खाली आडवी रेघ मारली आणि वेळ लिहून सही केली. पुढचे नंबर त्यांनी ४७ पासून दिले नाहीत, क-१ पासून दिले. लाइन आल्यावर संगणक पुन्हा ४७ च देणार आणि एकाच नंबरचे दोन पेशंट होणार, हे त्यांना ठाऊक होतं. प्रत्येकाचं नाव, वय, गाव आणि तक्रार रजिस्टरमध्ये चढवायची, तोच नंबर चिठ्ठीवर टाकायचा. "माया नंबर गेला का वं बाई?" असं विचारणाऱ्या प्रत्येकीला त्या रजिस्टरातला नंबर बोटाने दाखवत होत्या.

अडचण आली ती जुन्या पेशंटची, कारण त्यांची आधीची औषधं संगणकात. एका आजीने पदरातून बीपीच्या गोळीची रिकामी पट्टी काढली. अम्लोडिपिन एवढं वाचता आलं, पण मिलिग्रॅमचा आकडा कात्रीने कापला गेला होता. ही गोळी २.५ चीही असते, ५ चीही. ताईंनी अंदाज केला नाही. चिठ्ठीवर ‘मात्रा वाचता येत नाही’ असं लिहून आजींना डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी बीपी मोजून मात्रा स्वतः लिहिली आणि मग मी गोळ्या दिल्या. त्या एका ओळीमुळे चुकीची गोळी जाण्याचा धोका टळला, असं मी ठामपणे म्हणतो.

दुपारी लाइन आली. ओपीडी संपली होती, तरी ताई रजिस्टर समोर ठेवून एकेक नोंद चढवत बसल्या. पण आमचा संगणक नोंद टाकल्याची वेळ धरतो, पेशंट आल्याची नाही. त्यामुळे सकाळी १०.२० नंतर कुणीच आलं नाही आणि दुपारी एकदम रांग लागली, असं अहवालात दिसलं. वरून खुलासा मागवला, तोही ताईंकडेच! साहेब, याचं मला फार वाईट वाटलं. ज्या बाईने रांग थांबू दिली नाही, तिलाच जाब विचारला गेला.

मागणं मोठं नाही. नोंदणीचा संगणक, प्रिंटर आणि राउटर चालेल एवढी बॅटरी द्या. मागाहून केलेल्या नोंदीत पेशंटची खरी वेळ टाकायला रकाना द्या. वीज नसताना सही करून ठेवलेलं रजिस्टर हाच अधिकृत पुरावा धरावा, असं लेखी परिपत्रक काढा. आणि जुन्या पेशंटच्या हातात औषध व मात्रा लिहिलेलं कार्ड राहू द्या, म्हणजे कापलेल्या पट्टीवर कुणाला विसंबावं लागणार नाही.

ताईंचा खुलासा आम्ही रजिस्टरच्या झेरॉक्ससह पाठवला आहे. त्यावर अजून उत्तर नाही. तेवढं लवकर मिळावं, ही विनंती.

आपला,
एक औषध निर्माण अधिकारी