आईस, वाढदिवसाला

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. एवढं वाचूनच तू हसशील, ‘हा कधीपासून वाकायला लागला?’ म्हणशील. फोनवर नेहमीसारखं ‘हॅपी बर्थडे, जेवलीस का’ एवढंच झालं असतं, म्हणून लिहितोय.

परवा ती जांभळी साडी आठवली. मेरी कॉलनीतल्या काकूंची. मी सातवीत होतो, लग्नसराई होती आणि दिंडोरी रोडच्या आपल्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती, जिकडे तिकडे साड्या. फॉल भिजत घालायचं काम माझं. रात्रभर पाण्यात, सकाळी सावलीत वाळवायचा, मग इस्त्री. त्या रात्री मी खेळून दमलो होतो. सकाळी नवा कोरा फॉल तसाच इस्त्री करून तुझ्या हातात दिला आणि ‘भिजवला’ म्हणालो.

तू खालच्या काठाला मशीनची टीप मारलीस. वरची बाजू हाताने, सुईत साडीचा एकच धागा उचलत, सुलट बाजूने टाका दिसू नये म्हणून. अडीच मीटर. पंधरा रुपयांसाठी.

पहिल्या धुण्यातच फॉल आटला आणि काठाला चुण्या पडल्या. काकू दारात साडी झटकून दाखवत होत्या, मी मशीनमागे उभा. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “माझ्याकडूनच राहिलं भिजवायचं.” रात्री सगळी टीप उसवलीस, सुईची भोकं नखाने घासून बुजवलीस, नवा फॉल स्वतःच्या पैशाने आणलास. मला एका शब्दाने बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं, खरंच.

आणि तो उसवलेला फॉल तू टाकला नाहीस. “आता हा आणखी आटायचा नाही,” म्हणत आपल्या हिरव्या साडीला लावलास. गंगेवर जाताना तू पायऱ्या चढायला निऱ्या उचलायचीस तेव्हा आत जांभळी पट्टी दिसायची आणि मी दुसरीकडे बघायचो. तुझ्या कुठल्याच साडीला तिच्या रंगाचा फॉल नव्हता, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि तुला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नव्हता. माझी फी त्याच सुईतून निघाली.

ते खोटं मी कधी कबूल केलं नाही. आज करतो. आणि त्या दिवशी दारात सांभाळून घेतलंस, त्याबद्दल थँक्यू. घरात कोणी म्हणत नाही हा शब्द, तरी म्हणतो.

शनिवारी येतोय. येवल्याहून तुझ्यासाठी पैठणी घेतली आहे, मोरपंखी. दुकानदार फॉल लावून देत होता, मी नको म्हटलं. मशीन लावली तर रेशमाला भोकं पडतात, दोन्ही बाजू हातानेच करायच्या, हे तूच शिकवलंस. एक बाजू मी करीन. टाके वाकडे आले तर उसव.

फॉल त्याच रंगाचा आणलाय. काल रात्रीच भिजत घातला.

तुझा,
बाळू