व्हिजिटिंग कार्डावरचा फोन नंबर वाचता येत नाही, ५०० कार्डं परत छापून द्या

नमस्कार,

मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरी जाऊन ट्रीटमेंट देते, माझे बहुतेक पेशंट साठीच्या पुढचे. मागच्या महिन्यात तुमच्या साइटवरून मराठी व्हिजिटिंग कार्डं मागवली, ५०० नग, मॅट लॅमिनेशन. कागद चांगलाय, कटिंग सरळ आहे, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या एका आजींनी माझ्यासमोर चष्मा लावून कार्ड खिडकीपाशी नेलं आणि नंबरातला ८ हा ३ वाचला, आणि दुसऱ्या एका पेशंटच्या मुलाने दोन दिवस भलत्याच माणसाला फोन केला. कार्डाचं जे एकच काम आहे तेच होत नाहीये.

तुमच्या कस्टमर केअरने सांगितलं की मॅडम माहिती जास्त होती, जागा कमी होती, म्हणून फॉन्ट लहान करावा लागला. मी पट्टी घेऊन मोजलं. कार्ड ८९ बाय ५१ मिलीमीटर, चारी बाजूंनी ५ मिमी सोडले तर उंचीत ४१ उरतात. त्यातले २२ मिमी तुमच्या टेम्प्लेटने लोगोला दिलेत, आणि उरलेल्या १९ मध्ये नाव, हुद्दा, मोबाइल, लँडलाइन, ईमेल आणि पत्त्याच्या दोन ओळी अशा सात ओळी कोंबल्यात, सगळ्या ६ पॉइंटमध्ये, नावसुद्धा तेवढंच आणि ईमेलसुद्धा तेवढंच, त्यामुळे डोळा कुठे थांबायचं तेच कळत नाही.

आणि ते टेम्प्लेट इंग्रजीसाठी बनवलेलं आहे हे दिसतंय, कारण ६ पॉइंटला ओळ ते ओळ अंतर फक्त ७ पॉइंट ठेवलंय. इंग्रजीत एक वेळ चालून जाईल पण मराठीत शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून त्याच पॉइंटला आपलं मूळ अक्षर बारीक दिसतं आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन चिकटतो. माझ्या कार्डावर 'फिजिओथेरपिस्ट' मधल्या 'थे' ची गाठ भरून गेलीय, ते 'ये' वाचलं जातं, आणि 'स्ट' चं जोडाक्षर म्हणजे नुसता ठिपका. त्यात अक्षरं करड्या रंगात. भिंगातून बघा, करडा म्हणजे काळ्या शाईचे सुटे सुटे ठिपके आहेत, एवढ्या बारीक अक्षराची कड त्या ठिपक्यांनी तुटते आणि शिरोरेषा कातरल्यासारखी दिसते. बारीक मजकूर नुसत्या काळ्या शाईत, १०० टक्के, छापायला हवा होता.

जागा होती, हे मी करून बघितलं. नाव १३ पॉइंट ठळक, ओळीला ६ मिमी. लगेच खाली हुद्दा साडेआठ पॉइंटमध्ये, ४ मिमी. मग ६ मिमी मोकळी जागा, कारण तिथे वाचणाऱ्याला कळायला हवं की आता नंबर येतोय. मोबाइल १२ पॉइंट, पाच-पाच आकडे तोडून, ५ मिमी. परत ४ मिमी मोकळे, आणि पत्त्याच्या दोन ओळी ८ पॉइंटमध्ये, मिळून ८ मिमी. बेरीज ३३, म्हणजे अजून ८ मिमी शिल्लक. लोगो १० मिमीचा करून उजव्या कोपऱ्यात बसतो. लँडलाइन काढा, त्यावर कोणी फोन करत नाही, ईमेल मागच्या बाजूला टाका. आत्ता आकड्याची उंची दीड मिमी आहे ती अशाने साधारण तीन होते. घरच्या प्रिंटरवर काढून त्याच आजींना दाखवलं, त्यांनी नंबर न अडखळता वाचला.

प्रूफ तुम्ही ओके केलं होतं असं तुमचं म्हणणं आहे, आणि हो, केलं होतं. पण ते मोबाइलवर पाठवलं होतं, स्क्रीनभर मोठं दिसत होतं, खरी साइज किती हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. प्रिंट सेटिंगमध्ये `Actual size` निवडून कागदावर काढून बघा एवढी एक ओळ प्रूफसोबत असती तरी मी तिथेच थांबवलं असतं, आणि मराठी मजकूर ६ पॉइंटला जातोय हे तर तुमच्या डिझायनरला आधीच दिसत होतं.

मला पैसे परत नकोत, वर लिहिलेल्या मापाने ५०० कार्डं बिनपैशात परत छापून द्या आणि छापायच्या आधी खऱ्या साइजचं प्रूफ पाठवा. जुनं कार्ड आणि माझ्या प्रिंटचा फोटो, दोन्हीशेजारी पट्टी ठेवून, सोबत जोडलाय. आठ दिवसांत लेखी उत्तर द्या, कारण सध्या मी प्रत्येक कार्डामागे पेनाने नंबर लिहून देतेय.

ऑर्डर नंबर ईमेलच्या विषयात दिलाय.

तुमची ग्राहक