खेळणे हातात देणे म्हणजे तयारी नव्हे

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतील रुग्णालयातल्या बालकांवरील लेख वाचला. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाच्या हाती आवडते खेळणे दिले की त्याची भीती जाते, हा लेखकाचा शोध वाचून, बालरुग्ण विभागात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या परिचारिकेला खेदाने हसू आले. मुलाचे मन रमवणे वेगळे आणि त्याची तयारी करणे वेगळे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या चार वर्षांच्या नातीला हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी ठाण्यातील एका रुग्णालयात दाखल केले होते. तेथील भिंतींवर हत्ती-जिराफ रंगवलेले होते, खेळण्यांच्या खोलीला मात्र कुलूप होते. रक्त काढताना ‘काही दुखणार नाही’ असे सांगून तिघांनी तिला पलंगावर आडवे दाबून धरले. जागा बधिर करणारे मलम साधारण तासभर आधी लावावे लागते, ते सुई हातात घेतल्यावर आठवले. रात्री नातीने मला विचारले, “आजी, मी दूध सांडलं म्हणून टोचलं का?” या वयात मुले दुखण्याला शिक्षा समजतात. ती विचारते म्हणून कळले तरी; न विचारणारी मुले तोच समज मनात घेऊन झोपतात.

त्याच रात्री मी सिस्टरकडून भुलीचा एक मास्क मागून घेतला. नातीने तो आधी बाहुलीला, मग मला आणि शेवटी स्वतःला लावला, आणि फुगा फुगवल्यासारखी फुंकर मारून पाहिली. बाहुलीच्या हाताला सलाईनची मऊ नळी चिकटवून मी तिला सांगितले, की तू जागी होशील तेव्हा तुझ्या हातात अशी नळी असेल, मात्र सुई काढून टाकलेली असेल. मग बाहुली तिच्या हवाली करून मी गप्प बसले, कारण मुलाला काय उमगले आहे ते त्याच्या खेळातूनच दिसते. तिने बाहुलीचे पोट पट्टीने गच्च गुंडाळले, आतले सारे बाहेर सांडू नये म्हणून! तेव्हा टाके म्हणजे काय, हे मी बाहुलीवर शिवून दाखवले. सकाळी आईच्या मांडीवर बसून तिने स्वतःच मास्क धरला. रडली थोडी, पण कोणाला धरावे लागले नाही.

हीच बाहुली सर्वांना चालत नाही. दोन वर्षांच्या मुलाला ऐनवेळी दोन शब्द आणि आईची मांडी पुरते, तर दहा वर्षांच्या मुलाला चार दिवस आधी, काय, कसे आणि का, हे क्रमाने सांगावे लागते. पंधरा वर्षांच्या मुलापुढे बाहुली ठेवणे हा त्याचा अपमान आहे; ‘मध्येच जाग आली तर?’ हे त्याला भूलतज्ज्ञांना एकांतात विचारायचे असते.

जाता जाता, लेखासोबत आपण हातभर लांब सिरिंज घेतलेल्या डॉक्टरांचे व्यंगचित्र छापले आहे. ते पाहून नातीने “माझ्या वेळी पण एवढी होती का?” असे विचारले, आणि मला पुन्हा माळ्यावरची बाहुली काढावी लागली.

— एक निवृत्त परिचारिका, कोपरी, ठाणे (पूर्व)