रसग्रहणात शब्द मोजू नयेत

माननीय संपादक,

नववीच्या चित्रकलेच्या प्रश्नपत्रिकेतील रसग्रहणाच्या प्रश्नाचे कौतुक करणारे टिपण आपल्या कालच्या अंकात वाचले. खानापूर तालुक्यात चित्रकला शिकवून मी निवृत्त झालो आहे. माझी हरकत प्रश्नाला नसून त्याच्या तपासणीला आहे.

माझी नात बेळगावातील एका मराठी शाळेत शिकते. तिच्या वर्गाला सावळाराम हळदणकरांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र देऊन, वर्गात शिकवलेल्या संज्ञा वापरून वर्णन करा व आपले मत द्या, असे दहा गुणांसाठी विचारले होते. तिने लिहिले, 'बाईने ज्योतीपुढे हात धरला आहे, म्हणून उजेड बोटांतून झिरपतो आणि चेहऱ्यावर पडतो. मागे अंधार ठेवला आहे म्हणूनच आपली नजर आधी तिथे जाते.' तिला चार गुण मिळाले. 'या चित्रात समतोल, लय, विरोध व पोत उत्तम आहे' असे लिहिणाऱ्या तिच्या मैत्रिणीला आठ मिळाले. चौकशी केली तेव्हा, उत्तरात संज्ञा आल्या नाहीत, असे मला सांगण्यात आले.

वास्तविक नातीच्या दुसऱ्या वाक्यात छायाप्रकाशातील विरोध आणि त्यातून साधलेले प्राबल्य या दोन्ही गोष्टी आहेत, फक्त त्यांची नावे नाहीत. त्यासाठी एखादा गुण कापला असता तर मी तक्रार केली नसती. मैत्रिणीचे वाक्य मात्र कोणत्याही चित्राखाली खपेल. संज्ञा चित्रात नेमकी कुठे दिसते आणि तिथे काय घडवते, हे लिहिल्याशिवाय तिला गुण देऊ नये. मत मागितले तर त्याचे कारणही चित्रातच दाखवायला हवे. हे चित्र जलरंगातले आहे. जलरंगात उजेड पांढरा रंग थापून आणत नाहीत, त्या जागी कागद राखून ठेवावा लागतो, आणि एकदा गडद झालेली जागा पुन्हा तितकी स्वच्छ उजळत नाही. हे वर्गात सांगितले असते, तर बोटांतला तो उजेड किती कठीण होता हे मुलींनी आपणहून लिहिले असते.

शिवाय मुलींच्या हाती चित्राची काळीपांढरी झेरॉक्स दिली होती. त्यात बोटांतला उबदार लालसर रंग नाही, साडीचा जांभळट रंगही नाही; आणि पोत म्हणून जे दिसते ते यंत्राच्या शाईचे दाणे असतात. अशा प्रतीवर रंगसंगती व पोत विचारणे हा मुलांवर अन्याय आहे. वर्गात एकच रंगीत प्रत फळ्याला लावली असती तरी भागले असते.

जाता जाता आणखी एक. आपल्या टिपणात हे चित्र राजा रविवर्म्याचे म्हटले आहे. ही चूक सर्रास होते, पण आपल्या पत्राने ती करू नये. 1882 साली आपल्या शेजारच्या सावंतवाडीत जन्मलेल्या हळदणकरांनी स्वतःच्या मुलीला समोर उभी करून ते रंगवले आणि आज ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. कृपया उद्याच्या अंकात दुरुस्ती छापावी.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, बेळगाव