नळकोंडाळ्याची गळती आणि पाव भाड्याचा हिशोब

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की तुमच्याकडे धोकादायक वाड्यांच्या बातम्या सुरू होतात. कललेल्या भिंतीचा फोटो आणि खाली एक ओळ, की भाडेकरू जागा सोडायला तयार नाहीत. वाचणाऱ्याच्या डोक्यात एवढंच राहतं की भाडेकरू अडून बसलेत. पण भिंत एका पावसात कलत नाही, त्याच्या आधी कितीतरी वर्षं कुठेतरी पाणी मुरत असतं आणि ते बंद करायचं कोणी यावरून ढकलाढकली चाललेली असते. मी पुण्यात पेठेतल्या वाड्यात राहते, आमच्याकडे हे नळावरून झालं, म्हणून तेच सांगते.

आमची बिऱ्हाडं अकरा. चौकात एक नळकोंडाळं, त्याला तीन तोट्या. पाण्याच्या वेळा, कोणाची बादली आधी, कोण कपडे आपटतंय, ही भांडणं पिढीजात आहेत, त्यावर पत्र लिहायची गरज नाही. प्रश्न वेगळाच निघाला. रस्त्यावरून आत येणारा जुना जीआय पाइप सोप्याच्या जोत्याला लागून फरशीखालून जातो आणि तो खालून सडला होता. कळलं कसं, तर भर मे महिन्यात जोत्याचा दगड ओला दिसायला लागला आणि शेवटच्या तोटीला धार बारीक झाली, पहिलीला मात्र ठीक. प्लंबरनं पाणी असताना तिन्ही तोट्या बंद करायला लावल्या, लोखंडी सळईचं एक टोक फरशीवर आणि दुसरं कानाला लावलं. सूं असा आवाज. जिथे आवाज मोठा तिथे गळती.

आता नळ गळतो म्हणजे पाणी वाया जातं एवढंच नाही. आमच्या वाड्याच्या भिंती खाली दगड, त्यावर विटा, आणि वरती आत पांढरी माती. खांब लाकडी, दगडी तळखड्यावर उभे. जोत्यात मुरलेलं पाणी भिंतीत वर चढतं, माती मऊ होते, भिंतीला पोट सुटतं, खांबाचा बुडखा कुजतो आणि मग त्यावरची तुळई खचते. ठोकून बघितलं तर चांगली भिंत टणक वाजते, ओली भद्द वाजते. म्हणजे आज पाइप बदलला नाही तर पाच-सात वर्षांनी तुमच्या पेपरात फोटो यायची सोय झालीच म्हणून समजा.

मालकांना दोनदा तोंडी सांगितलं. ते म्हणाले मला भाडं काय मिळतं त्यात मी पाइप बदलू का. तेव्हा आमच्यातल्या एका निवृत्त क्लार्क काकांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा काढला, १९९९ चा, जो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम १४ असं आहे की वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकाला बंधनकारक. भाडं कमी मिळतं म्हणून त्यातून सुटका नाही. (तुमच्या जुन्या करारात दुरुस्ती भाडेकरूकडे असं लिहिलंय का ते आधी बघा, आमच्याकडे करारच नाही, फक्त आजोबांच्या नावाच्या पावत्या.) मालकानं केली नाही तर भाडेकरूंनी एकेकट्यानं किंवा सगळ्यांनी मिळून किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, तरी हलला नाही तर दुरुस्ती आपण करायची आणि खर्च भाड्यातून कापून घ्यायचा. ठेवलेला हिशोब आणि बिलं हा खर्चाचा पुरावा म्हणून मालकावर बंधनकारक असतो, म्हणजे नंतर तो म्हणू शकत नाही की एवढा खर्च झालाच नाही.

आम्ही तसंच केलं. नोटीस अकराही जणांच्या सह्यांची, पोस्टाने पोचपावतीसकट, सोबत ओल्या जोत्याचे तारीख दिसणारे फोटो आणि प्लंबरचं लेखी एस्टिमेट. पंधरा दिवस गेले, उत्तर नाही. फरशी उचलून जोत्यापासून लांब, चौकाच्या मधून नवा पाइप घेतला, जुना बंद केला, नळकोंडाळ्याचा उतार मोरीकडे नीट करून घेतला. सगळं मिळून साधारण एकोणीस हजार. प्लंबर बिल द्यायला तयार नव्हता, जीएसटी वगैरे नको म्हणे, शेवटी साध्या कागदावर कामाचा तपशील, रक्कम आणि सही घेतली. सामानाची बिलं वेगळी. उगाच तोंडी व्यवहार करू नका, इथेच लोक फसतात.

आणि आता गंमत. कायद्यात पुढे लिहिलंय की एका वर्षात जी रक्कम कापाल किंवा वसूल कराल ती त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. आमचं भाडं घरटी महिन्याला ८५ रुपये. वर्षाचे १,०२०. त्याचा पाव म्हणजे २५५. एकोणीस हजार अकरा घरांत वाटले की घरटी सतराशेच्या वर जातात, ते वर्षाला २५५ नं फिटायला जवळपास सात वर्षं. एका पाइपला सात वर्षं! आणि तोवर कौलं आहेत, पन्हाळ आहे, सामायिक संडासाची टाकी आहे, त्यांचे पैसे कुठून कापायचे, पाव भाडं तर पाइपनंच खाल्लं.

मालकाची बाजूही सांगते, कारण ती खोटी नाही. अकरा जणांचं वर्षाचं सगळं भाडं ११,२२० होतं, त्यात हा एक पाइपही बसत नाही. ही भाडी अशी राहिली कारण १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं ती सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली होती. डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानं मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या केसमध्ये हे गोठवणं मनमानी ठरवलं, त्यानंतर आलेल्या आत्ताच्या कायद्यात वर्षाला चार टक्के वाढ घ्यायची मुभा आहे. पण ८५ चे चार टक्के म्हणजे ३ रुपये ४० पैसे, आमचे मालक तेही मागत नाहीत. का मागत नाहीत हे पेठेत सगळ्यांना माहितीय. वाडा पडला तर प्लॉट मोकळा होतो असा त्यांचा हिशोब असतो.

तो हिशोब मात्र चुकीचा आहे. पाडलेल्या एका इमारतीच्या केसमध्ये, शाह रतनसी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल, २०१४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की महापालिकेनं इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण भाडेपट्टा जमिनीलाही धरून असतो. हे वाड्यात राहणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं. धोकादायक म्हणून नोटीस आली आणि खरंच धोका असेल तर बाहेर पडा, जीव आधी. पण बाहेर पडायच्या आधी आपल्या खोलीचं मोजमाप लेखी घ्या, पावत्या, लाइटबिल, रेशनकार्ड जपा आणि चावी देताना हक्क सोडल्याच्या कुठल्याही कागदावर सही करू नका.

म्हणूनच मी म्हणते की २५५ रुपये हास्यास्पद असले तरी नोटीस द्यायचीच. कापलेल्या पैशापेक्षा तो कागद महत्त्वाचा, उद्या मालक म्हणाला वाडा आपोआप जीर्ण झाला तर कोर्टाला दिसतं की ओल कधी कळवली होती आणि कोणी काही केलं नाही.

एक गोष्ट मात्र शेजारच्या वाड्यात झाली ती सांगायलाच हवी. तिथे लोकांनी चिडून सगळं भाडंच बंद केलं, दुरुस्ती नाही तर भाडं नाही. हे करू नका. भाडं थकलं की मालक लेखी मागणी करतो आणि ९० दिवसांत भरलं नाही तर जागा खाली करायचा दावा टाकू शकतो, दुरुस्तीचा मुद्दा राहतो बाजूला. आम्ही वर्षाच्या १,०२० मधून २५५ वजा करून ७६५ पाठवतो, मनीऑर्डरनं, सोबत कशाचे कापले ते लिहून. मालक परत पाठवतात, ती परत आलेली पावतीही फाइलला लावतो. भाड्याची पावती देणं मालकाला सक्तीचं आहे हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि दुरुस्ती म्हणजे होतं तसं नीट करणं. त्या नादात एकानं आपल्या खोलीत पक्कं बांधकाम काढायचा विचार केला होता, त्याला आम्ही थांबवलं, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर तेही जागा खाली करायचं कारण ठरतं.

उद्या मालकानं रागानं नळच तोडला तर काय, असं आमच्या आजी विचारत होत्या. त्याला कलम २९ आहे. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, सफाई हे मालकाला योग्य कारणाशिवाय तोडता येत नाही, कोर्टातून पुन्हा सुरू करून घेता येतं आणि तोडणाऱ्याला शिक्षाही होऊ शकते. इथे पाव भाड्याची मर्यादा नाही, बरं का. म्हणजे मालकानं नळ तोडला तर कायदा धावून येतो आणि नळ सडू दिला तर वर्षाला २५५ रुपये.

मुंबईत शहर भागातल्या १९६९ च्या आधीच्या चाळींसाठी निदान उपकर आहे आणि त्यातून दुरुस्ती करणारं मंडळ आहे, आता म्हाडाकडे. त्याच्याबद्दल तिथल्या लोकांच्या तक्रारी खूप असतात, पण दार ठोठवायला एक ऑफिस तरी आहे. पुण्यातल्या वाड्यांना ते नाही.

आमच्या आमदारांना आम्ही लिहिलंय, तुमच्यामार्फत इतरांपर्यंतही जावं म्हणून इथे मांडते. पाण्याची गळती, संडास, छप्पर आणि खांब-तुळया, एवढ्या चारच कामांपुरती कलम १४ मधली पाव भाड्याची मर्यादा काढावी. खर्च महापालिकेच्या इंजिनिअरनं तपासून सही केलेला असावा म्हणजे भाडेकरू वाटेल ती बिलं लावणार नाहीत, आणि त्यातला मालकाचा वाटा त्याला आत्ता जमत नसेल तर मालमत्तेवर बोजा म्हणून नोंदवावा, वाडा विकला किंवा रीडेव्हलपमेंटला गेला की तेव्हा वसूल व्हावा. ज्या जागेची किंमत आज कोटींत आहे तिच्यावर एकोणीस हजारांचा बोजा चढला तर मालकावर काही आभाळ कोसळणार नाही.

आपली,
एक भाडेकरू, पुणे