शेजार म्हणजे सोयरीक नव्हे

मा. संपादक, स.न.

कालच्या विज्ञान पानावरचा मगरीच्या नातेवाइकांवरचा लेख वाचला. वंशवृक्षाचे चित्र अचूक आहे, पण त्याखालचा मजकूर त्या चित्राविरुद्धच साक्ष देतो. असे क्वचितच जमते, म्हणून आधी अभिनंदन.

चित्रात डावीकडून बेडूक, माणूस, पाल, मगर आणि कोंबडी असे पाच शेंडे आहेत. पाल आणि मगर शेजारी छापल्या गेल्या, म्हणून त्या एकमेकींच्या ‘सर्वांत जवळच्या’ असे लेखक महाशयांनी ठरवून टाकले. या न्यायाने बेडूक कोंबडीपेक्षा माणसाच्या जवळचा ठरेल. तिसऱ्या परिच्छेदात ते तसे म्हणून मोकळेही झाले आहेत!

शेंडे कोणत्या क्रमाने छापले यावरून नाते कळत नाही. एक बोट मगरीवर आणि दुसरे कोंबडीवर ठेवावे, दोन्ही फांद्यांवरून मुळाकडे सरकवत न्यावीत. ती पहिल्यांदा जिथे भेटतील, तो सांधा म्हणजे त्या दोघींचा सर्वांत अलीकडचा सामाईक पूर्वज. मग हेच मगर आणि पालीचे करावे. कालच्या चित्रात मगर आणि कोंबडीवरची बोटे सगळ्यात वरच्या सांध्यात भेटतात. पालीला गाठायचे तर मगरीवरच्या बोटाला तो सांधा ओलांडून आणखी एक सांधा खाली उतरावे लागते. मुळापासून दूर आणि शेंड्यांच्या जवळ असलेला सांधा अलीकडचा, म्हणून मगरीची जवळची नातेवाईक कोंबडी. त्या दोघींचा पूर्वज सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पालीची शाखा त्याच्याही आधी वेगळी झाली होती.

पटत नसेल तर तो वरचा सांधा पाळण्यावरच्या चिमणाळ्यासारखा गर्रकन फिरवून पाहावा. आता क्रम होतो पाल, कोंबडी, मगर. एकही फांदी तुटलेली नाही, नवी जोडलेली नाही, तरी पालीच्या शेजारी कोंबडी येऊन बसली. नाते काही बदलले नाही. बेडकाचेही असेच. त्याचे बोट माणसाबरोबर न्या, पालीबरोबर न्या की कोंबडीबरोबर, भेट सगळ्यात खालच्या त्याच एका सांध्यात होते. म्हणजे बेडूक या सर्वांना सारखाच जवळचा, किंवा सारखाच लांबचा.

चौकटीतली युक्ती तर याहून घातक आहे. ‘दोन प्राण्यांमधले सांधे मोजा, जितके कमी तितके नाते जवळचे.’ कालच्या चित्रावर ती लावली तर कोंबडी ते मगर एक सांधा आणि कोंबडी ते पाल दोन, म्हणजे लेखकाचाच निष्कर्ष खोटा पडतो. पण उत्तर बरोबर आले ते योगायोगाने. त्याच चित्रात सुसर आणि अ‍ॅलिगेटर घाला. डीएनएच्या आधारे सुसर मगरीला जोडली जाते आणि अ‍ॅलिगेटर त्या दोघींच्या बाहेर येतो. आता कोंबडीपासून मगरीपर्यंत तीन सांधे लागतात, पालीपर्यंत मात्र दोनच. म्हणजे चित्रकाराने दोन प्राणी वाढवले म्हणून कोंबडी पालीची सख्खी झाली? सांध्यांची संख्या चित्रात किती प्राणी घेतले त्यावर अवलंबून असते. बघायचे ते बोटे कुठे भेटतात हे.

‘मगर दिसते तर पालीसारखीच’ हे वाक्यही खटकले. खवले आणि जमिनीलगत चालणारे चार पाय ही जुन्या पूर्वजांकडून आलेली ठेव आहे. मगरीने आणि पालीने ती राखली, पक्ष्यांच्या शाखेत रूप फार बदलले. जुने लक्षण टिकून राहिल्याने अलीकडचे नाते सिद्ध होत नाही. मगरीच्या आणि पक्ष्याच्या हृदयाला चार पूर्ण कप्पे असतात, पालीच्या हृदयाला तीन. मात्र याचाही एकट्याने पुरावा करू नये, कारण चार कप्पे माणसालाही आहेत आणि सस्तन प्राण्यांत ते स्वतंत्रपणे आले.

आणखी एक. चित्राच्या खालच्या भागावर कुठल्याशा शिकवणीवर्गाची जाहिरात चढली आहे. बेडकाचा सांधा आणि झाडाचे मूळ दोन्ही तिच्याखाली गेले. मी वर ‘सगळ्यात खालचा सांधा’ म्हणालो, तो वाचकाने अंदाजानेच शोधायचा. मूळ कोणत्या बाजूला आहे हे कळले नाही तर कोणता पूर्वज आधीचा आणि कोणता नंतरचा हे ठरवताच येत नाही. जाहिरात महत्त्वाची, मान्य; पण ती बेडकाच्या शेंड्यावर चालली असती. तेवढी फांदी आम्ही कल्पनेने वाढवली असती.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया आतल्या पानाच्या कोपऱ्यात दोन ओळींत उरकू नये. चित्र पुन्हा छापावे, मुळासकट, आणि या वेळी कोंबडी पालीच्या शेजारी ठेवून.

– एक वाचक, सातारा